पुरलेल्या गरम पाइपातून जमिनीत किती उष्णता जाते? शेप फॅक्टरने अंदाज काढण्याची रीत

रत्नागिरीपासून पावसच्या बाजूला एक आमरसाचं युनिट आहे. बॉयलर मागच्या शेडमध्ये, बाटल्या धुण्याची आणि गरम करण्याची टाकी पुढच्या शेडमध्ये, आणि मध्ये ४० मीटर अंगण. ट्रकच्या वाटेत पाइप नको म्हणून मालकांनी तो जमिनीखालून नेला. एप्रिल-मे सगळं ठीक चाललं. मृग लागला, चार दिवस धो धो पाऊस झाला आणि टाकीत पाणी ८० अंशांना पोचेना. बॉयलरवाल्यावर राग निघाला, मग पंपावर. मला बोलावलं तेव्हा मालक म्हणाले, "भाऊ, बॉयलरवर ८५ दिसतात, इथे ७७ येतात. मधले आठ गेले कुठे?"

ते जमिनीत गेले होते. आणि ते जाणार हे कागदावर आधीच काढता आलं असतं. गणित दोन ओळींचं आहे. तरी बहुतेकांचं उत्तर चुकतं, कारण सूत्रात घालायच्या आकड्यांपैकी निम्मे ते अंदाजपंचे घालतात. म्हणून खाली सूत्राला थोडी जागा दिली आहे आणि आकड्यांना जास्त. उदाहरण याच अंगणाचं.

## सूत्र काय आणि ते कधी चालतं

उष्णता गरम पाइपातून निघून मातीतून वर जमिनीच्या पृष्ठभागाकडे जाते. पाइप गोल, पृष्ठभाग सपाट, त्यामुळे वाटेतली माती कुठे अरुंद तर कुठे रुंद पसरलेली. ही सगळी भूमिती एका आकड्यात बांधली की त्याला शेप फॅक्टर म्हणतात. त्याचं एकक मीटर.

```
S = 2*pi*L / acosh(2*z/D)
q = S * k * (T1 - T2)
```

L म्हणजे पाइपाची लांबी, D बाहेरचा व्यास, z पाइपाच्या मध्यापर्यंतची खोली, k मातीची उष्णता-वाहकता, T1 पाइपाच्या बाहेरच्या पृष्ठभागाचं तापमान आणि T2 जमिनीच्या पृष्ठभागाचं. q वॅटमध्ये येतो.

सूत्रामागे चार गोष्टी गृहीत आहेत. पाइप व्यासाच्या मानाने खूप लांब आहे, माती सगळीकडे सारखी आहे, पृष्ठभाग सगळीकडे एकाच तापमानाला आहे, आणि सगळं स्थिरावलेलं आहे. पहिली अट आपल्या कामात कायम पाळली जाते. उरलेल्या तीन कोकणात कायम मोडतात, आणि पुढचा बराचसा लेख त्यांच्याबद्दलच आहे.

## टप्पा १: टेप घेऊन अंगणात जा

आधी पाइप बघा, मग कॅल्क्युलेटर. "दोन इंची" पाइप असला तरी D दोन इंच नसतो. ५० मिलिमीटर नाममात्र मापाच्या लोखंडी पाइपाचा बाहेरचा व्यास ६०.३ मिलिमीटर भरतो. उघड्या पाइपासाठी D हाच. पाइपावर इन्सुलेशन असेल तर मातीला टेकतो त्या आवरणाचा बाहेरचा व्यास लागेल. ते सहाव्या टप्प्यात.

खोली मोजताना हमखास चूक होते. गडी सांगतो, "साहेब, दीड फूट पुरलाय." तो पाइपावर किती माती आहे ते सांगतोय. z मात्र मध्यापर्यंत मोजायचा. आपल्या अंगणात पाइपाच्या माथ्यावर ४०० मिलिमीटर माती होती. त्यात अर्धा व्यास, म्हणजे ३० मिलिमीटर, मिळवला की z = ०.४३ मीटर. बारीक, खोल पुरलेल्या पाइपाला याने फारसा फरक पडत नाही, पण जाड पाइप उथळ पुरला असेल तर उत्तर चांगलंच हलतं.

उतारासाठी पाइप एका टोकाला ३५ सेंटिमीटर आणि दुसऱ्याला ५० सेंटिमीटर खोल असेल तर सरळ सरासरी घ्या. सूत्रातला acosh लॉगरिथमसारखा हळूहळू वाढतो, त्यामुळे खोलीतल्या छोट्या चुका विरघळून जातात.

तपासा: z हा D/2 पेक्षा मोठा आलाच पाहिजे, नाहीतर पाइप जमिनीबाहेर डोकावतोय. स्प्रेडशीट त्रुटी दाखवत असेल तर बहुधा एक माप मिलिमीटरमध्ये आणि दुसरं मीटरमध्ये गेलं आहे.

## टप्पा २: मातीचा k ठरवा, आणि तो दोनदा ठरवा

माझ्या मते सगळा लेख या एका टप्प्यासाठी आहे. S मध्ये फार तर पाच-दहा टक्के चूक होईल. k मध्ये तिप्पट होऊ शकते.

कोरड्या मातीत कणांच्या मधे हवा असते आणि हवा उष्णता फार कमी वाहते. पाऊस पडला की त्या फटींत पाणी शिरतं, कणाकणाला पाण्याचा पूल लागतो आणि तीच माती दुप्पट-तिप्पट उष्णता वाहू लागते. कोकणात हे वर्षातून एकदा, आठवडाभरात घडतं. मेअखेर जांभ्याचा मुरूम हातात घेतला तर पिठासारखा सुटतो. जूनच्या मध्याला तोच दाबला की बोटांमधून पाणी निथळतं.

हातातल्या मातीवरून मी साधारण असे आकडे धरतो, सगळे वॅट प्रति मीटर प्रति अंश सेल्सिअस. सुकी पुळण असेल तर ०.३, कोरडा दाबलेला मुरूम असेल तर ०.७ च्या आसपास. मूठ वळली की आकार धरणारी ओलसर माती १ ते १.५. पिळली की पाणी सुटणारी १.५ ते २.५. हे अंदाज आहेत. प्रयोगशाळेतून मोजून घेतलेला आकडा मिळाला तर तोच वापरा, पण तो कोणत्या ओलाव्यावर मोजला हे विचारल्याशिवाय वापरू नका.

आपल्या अंगणासाठी मी मे महिन्याला ०.७ आणि पावसानंतर १.८ धरले.

आता चरात काय भरलं आहे ते बघा. लोक शेजारच्या परसातली माती बघून k ठरवतात, पण पाइपाला ती माती टेकतच नाही. पाइपाच्या पृष्ठभागापासून पहिल्या ९ सेंटिमीटरांत या उदाहरणातल्या मातीच्या एकूण अडसराचा जवळजवळ ४० टक्के वाटा असतो, कारण तिथे उष्णतेला जायला जागा सगळ्यात अरुंद असते. म्हणून चरात पुळण भरली आहे, मुरूम आहे की चिऱ्यांचे तुकडे, हे एकदा खणून बघा. चिऱ्यांच्या तुकड्यांमध्ये मोठ्या पोकळ्या राहिल्या असतील तर उन्हाळ्यात त्या हवेने भरलेल्या असतात आणि पावसात पाण्याने.

पाइप सतत ८० अंशांच्या वर असेल तर तो स्वतःभोवतीची माती थोडी सुकवतोही. उन्हाळ्यात याने हानी कमी होते, गणितापेक्षा थोडी सुखाची. भिजलेल्या जमिनीत या सुखावर विसंबू नका, कारण सुकलेल्या जागी पाणी परत येत राहतं.

सावधान: खाडीलगत किंवा भातखाचराच्या कडेला जुलैत पाण्याची पातळी पाइपाच्या वर येऊ शकते. शेजारच्या विहिरीत पाणी किती वर आलंय ते बघा. पाइप वाहत्या पाण्यात असेल तर उष्णता वहनाने न जाता पाण्याबरोबर वाहून जाते, आणि हे सूत्र तिथे लागू नाही. k कितीही वाढवून बघितला तरी खरा आकडा त्याहून मोठा निघू शकतो.

## टप्पा ३: दोन तापमानं

T1 म्हणजे पाइपाच्या बाहेरच्या पृष्ठभागाचं तापमान. लोखंडी पाइपात पाणी वाहत असेल तर पाण्याचं आणि बाहेरच्या पृष्ठभागाचं तापमान जवळजवळ सारखंच, म्हणून ८५ घ्या. सीपीव्हीसी पाइप असेल तर असं करता येत नाही. त्या प्लास्टिकची वाहकता ०.१४ च्या आसपास असते, आणि दोन इंची जाड पाइपाची भिंत पावसाळी मातीच्या जवळजवळ पाऊण पट अडसर एकटीच घालते. तिथे भिंतीला इन्सुलेशनसारखं धरून सहाव्या टप्प्याची रीत वापरा.

T2 ला लोक मोबाइलवरचं हवामान बघतात आणि दुपारचं ३४ अंश घालतात. पृष्ठभाग दुपारी तापतो, रात्री निवतो, पण दिवसाची ही चढउतार मातीत १०-१५ सेंटिमीटरपर्यंतच नीट पोचते. ४३ सेंटिमीटरवरच्या पाइपाला दिवसाची सरासरी कळते, दुपार कळत नाही. म्हणून पृष्ठभागाचं दिवसभराचं सरासरी तापमान घ्या. उघड्या उन्हातल्या अंगणाला मेमध्ये मी ३२ धरले, पाऊस सुरू झाल्यावर २८. आंब्याच्या सावलीत अंगण असेल तर मेचा आकडाही उतरेल.

हाताशी फक्त हवेचं तापमान असेल तर पृष्ठभागाजवळच्या हवेच्या पापुद्र्यालाही थोडा अडसर असतो. त्यासाठी खोलीत मातीचा एक काल्पनिक थर वाढवतात. त्याची जाडी म्हणजे k भागिले हवेचा उष्णता-संक्रमण गुणांक, आणि तो गुणांक साधारण १० ते १५ वॅट प्रति चौरस मीटर प्रति अंश धरतात. आपल्या पावसाळी आकड्यांनी १२ सेंटिमीटर वाढतात आणि हानी सात टक्के घटते. k मध्येच दुपटीचा घोळ असताना या सात टक्क्यांवर मी सहसा वेळ घालवत नाही.

## टप्पा ४: S काढा

आकडे घाला: 2z/D = ०.८६ भागिले ०.०६०३ = १४.२६. त्याचा acosh ३.३५. म्हणून दर मीटरला शेप फॅक्टर २π/३.३५ = १.८७६, आणि ४० मीटरला S = ७५ मीटर.

स्प्रेडशीटमध्ये B1 मध्ये D, B2 मध्ये z आणि B3 मध्ये L, सगळं मीटरमध्ये, ठेवलं तर:

```
=2*PI()*B3/ACOSH(2*B2/B1)
```

पुस्तकांत acosh ऐवजी ln(4z/D) असंही लिहिलेलं सापडतं. खोली व्यासाच्या दीडपटीहून जास्त असेल तर ते चालतं. आपल्याकडे तेही ३.३५ च देतं. z = D असेल तर चूक पाच टक्के होते. पाइप जमिनीला जवळजवळ घासून जात असेल, समजा z = ०.६ D, तर ln वापरून हानी साधारण ३० टक्के कमी दिसते. स्प्रेडशीट असताना हा धोका कशाला घ्यायचा? acosh च लिहा.

सावधान: ln वापरायचंच असेल तर शीटमध्ये `LN` लिहा, `LOG` नाही. `LOG` दहाच्या पायाचा असतो आणि उत्तर २.३ पट फुगतं. ही चूक इतक्यांदा पाहिली आहे की हल्ली कुणी शीट पाठवली की मी आधी तोच खण उघडतो.

S हातात आला की खोलीचा हिशेबही करून बघा. मालकांची पहिली सूचना होती: "अजून खोल घालू या का?" z दुप्पट केला, ०.८६ मीटर, तर दर मीटरचा शेप फॅक्टर १.८७६ वरून १.५५४ वर येतो. म्हणजे जांभ्यात पहारीने दुप्पट खणून हानी फक्त १७ टक्के घटली. जांभ्यात एक फूट खणायला काय लागतं हे ज्याने खणलंय त्याला विचारा. मालकांनी तो विषय तिथेच सोडला.

## टप्पा ५: हानी आणि पाण्याचं उतरलेलं तापमान

मे महिना: दर मीटरला १.८७६ × ०.७ × ५३ = ७० वॅट, ४० मीटरला २.८ किलोवॅट.

पावसानंतर: १.८७६ × १.८ × ५७ = १९२ वॅट, ४० मीटरला ७.७ किलोवॅट.

पाइप तोच, खोली तीच, बॉयलर तोच, आणि हानी पावणेतीन पट. आठ तासांचा दिवस आणि सुक्या लाकडाच्या किलोमागे प्रत्यक्ष पाण्यात ९ मेगाज्यूल उतरतात असं धरलं तर हे मेमध्ये रोज ९ किलो लाकूड होतं आणि जूनमध्ये २५ किलो.

पण टाकीवाल्याला किलोवॅट नको असतात, त्याला अंश हवे असतात. पाण्याचा प्रवाह मिनिटाला २० लिटर. ८५ अंशांना पाणी थोडं हलकं असतं, म्हणून सेकंदाला ०.३२३ किलो. त्याला पाण्याच्या विशिष्ट उष्णतेने, म्हणजे ४२०० ने, गुणलं की प्रत्येक अंशामागे १३५६ वॅट. मेमध्ये उतार २ अंश, जूनमध्ये ५.७.

हा सरळ भागाकार थोडा जास्त उतार दाखवतो, कारण पुढे जाता जाता पाणी निवतं आणि त्याची हानीही कमी होत जाते. नीट सूत्र असं:

```
T_out = T2 + (T_in - T2)*exp(-S*k/(m*c))
```

T_in म्हणजे पाइपात शिरणाऱ्या पाण्याचं तापमान, T_out बाहेर पडणाऱ्याचं, आणि m*c म्हणजे वरचे १३५६. यातून जूनचा उतार ५.४ येतो, म्हणजे टाकीत ७९.६ अंश. ८० ची अट इथेच, कागदावरच, मोडते. मे महिन्यात ८३ येत होते म्हणून कुणाला कळलं नव्हतं.

प्रवाह जास्त असताना दोन्ही पद्धतींत फारसा फरक नाही. नळ अर्धवट बंद करून मिनिटाला ५ लिटर चालवलं तर सरळ भागाकार २२.७ अंश उतार सांगतो, वरचं सूत्र १८.७. पाणी ६६ अंशांना पोचतं. हेही लक्षात ठेवण्याजोगं: टाकीत पाणी थंड येतंय म्हणून बरेचजण व्हॉल्व्ह बारीक करतात, "जरा तापून येऊ दे" म्हणून. पुरलेल्या पाइपात त्याने उलट होतं, पाणी मातीशेजारी जास्त वेळ थांबतं आणि आणखी निवतं.

तपासा: उतार (T_in − T2) च्या दहाव्या भागापेक्षा मोठा निघाला तर सरळ भागाकार सोडा, exp वालं सूत्र घ्या.

## टप्पा ६: इन्सुलेशन आल्यावर

इथे S एकट्याने काम करत नाही. इन्सुलेशन आणि माती हे एकामागोमाग दोन अडसर आहेत, त्यांची बेरीज करायची. खाली s म्हणजे दर मीटरचा शेप फॅक्टर, ki इन्सुलेशनची वाहकता, D1 पाइपाचा बाहेरचा व्यास, D2 आवरणाचा.

```
R = ln(D2/D1)/(2*pi*ki) + 1/(s*k)
q/L = (T1 - T2)/R
```

२५ मिलिमीटर पफ, म्हणजे पॉलियुरेथेन फोम, लावलं आणि जुनं होण्याची सवलत देऊन त्याची वाहकता ०.०३ धरली. D2 = ११०.३ मिलिमीटर. इन्सुलेशनचा अडसर ३.२. माथ्यावर तेवढीच माती ठेवली तर z = ०.४५५ आणि s = २.२४, म्हणून ओल्या मातीचा अडसर ०.२५. बेरीज ३.४५, हानी दर मीटरला १६.५ वॅट, ४० मीटरला साधारण ६६० वॅट. ७७०० वरून ६६०.

s काढताना D2 आणि नवा z घ्यायचा. जुना D तसाच ठेवला तर इथे उत्तर फारसं बिघडत नाही, कारण मातीचा वाटा आता नगण्य आहे. पण इन्सुलेशन भिजलं की गणित फिरतं. समजा पफमध्ये पाणी शिरून वाहकता ०.३ झाली. इन्सुलेशनचा अडसर ०.३२ वर येतो, बेरीज ०.५७, आणि हानी दर मीटरला १०० वॅट. इन्सुलेशनचे पैसे देऊन निम्मी हानी परत आली. आपल्याकडे आवरण मधे फाटतं त्यापेक्षा जोडांवर आणि दोन्ही टोकांना उघडं राहतं. टोकाला बाहेरचं आवरण पाइपाशी बंद केलेलं नसेल तर पाऊस तिथून आत शिरतो आणि उतारावरून सगळ्यात खालच्या भागात जाऊन बसतो. पुरण्याआधी दोन्ही टोकं हाताने चाचपून बघा.

## टप्पा ७: थर्मामीटरने पडताळा

पडताळणीत दोन गोष्टी फसवतात.

पहिली म्हणजे थर्मामीटर. मेमधला उतार २ अंश, आणि बाजारातला साधा डायल थर्मामीटर एखाददुसरा अंश इकडे-तिकडे असतोच. दोन टोकांना दोन वेगळे थर्मामीटर लावलेत तर तुम्ही पाइप मोजत नाही, त्यांच्यातलं भांडण मोजता. एकच थर्मामीटर दोन्हीकडे फिरवा, किंवा अर्ध्या तासाने दोघांच्या जागा बदला आणि दोन्ही वेळच्या फरकांची सरासरी घ्या. पाणी किमान तासभर एकसारखं वाहत असलं पाहिजे.

दुसरी म्हणजे वेळ, आणि इथे मी स्वतः फसलो होतो. वरचं सूत्र सगळं स्थिरावल्यानंतरचं आहे. माती किती वेळात स्थिरावते याचा ढोबळ अंदाज खोलीचा वर्ग भागिले मातीची उष्णता-विसरणशीलता. ०.४३ मीटर आणि ओलसर मातीची ०.६ × १०⁻⁶ चौरस मीटर प्रति सेकंद घेतली तर साडेतीन दिवस येतात. आपला बॉयलर सकाळी आठला पेटतो आणि चारला विझतो. म्हणजे माती कधीच स्थिरावत नाही. रात्रीत पाइपाभोवतीची माती निवते आणि सकाळी पाणी तिला पुन्हा तापवायला लागतं. थंड मातीत पहिल्याच दिवशी पाइप चालू केला तर आठ तासांनंतरही हानी स्थिर आकड्याच्या दीडपटीहून जास्त असते. रोज चालवत राहिलं की फरक कमी होतो, पण मिटत नाही.

त्या अंगणात मी सलग आठवडाभराच्या कामानंतर संध्याकाळी मोजलं तेव्हा उतार ८ अंश भरला. सूत्र ५.४ सांगत होतं. मी आधी k वाढवून २.७ केला आणि उत्तर जुळवलं. चुकीचं होतं. माती एवढी वाहक नव्हती, बॉयलर रोज विझत होता. अशा वेळी k ला ओढून ताणून जुळवलेला आकडा पुढच्या युनिटला नेला तर तिथे तो खोटा पडतो.

यातून व्यवहारी वाट अशी. चोवीस तास चालणाऱ्या पाइपाला सूत्राचा आकडा जसाच्या तसा घ्या. आठ-दहा तास चालणाऱ्या, उघड्या पाइपाला कामाच्या तासांतली हानी दीडपट धरा. इन्सुलेशन असलेल्या पाइपाला ही वाढ फार कमी लागते, कारण तिथे मोठा अडसर मातीत नाहीच. त्याला मी दहा टक्के वाढ पुरेशी मानतो.

## थोडक्यात न बसणाऱ्या दोन गोष्टी

जाणारा आणि परत येणारा असे दोन गरम पाइप एकाच चरात असतील तर दोघांची हानी वेगवेगळी काढून बेरीज करू नका. ते एकमेकांभोवतीची माती तापवतात आणि खरी बेरीज त्याहून कमी असते. शेजारून पिण्याच्या थंड पाण्याचा पाइप जात असेल तर उलट होतं: गरम पाइप जास्त गमावतो आणि स्वयंपाकघरात माठासारखं गार यायचं ते पाणी कोमट येतं. अशा वेळी दोन पाइपांत निदान दोन फुटांचं अंतर ठेवा.

आणि वर काँक्रीट किंवा चिऱ्यांची फरसबंदी असेल तर तो थर मातीचाच धरा, वेगळा हिशेब नको. फक्त खोली फरसबंदीच्या वरच्या पातळीपासून मोजा. त्या अंगणात मालकांनी पुढच्या हंगामाआधी चर उकरून पफ घातलं आणि वर चिरे बसवले. खोली तीच ठेवली. मृगानंतरच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांनी फोन करून आकडा सांगितला: बॉयलरवर ८५, टाकीत ८४ आणि काट्याची जाडी.